इलेक्ट्रिक गाडी आत्ता घ्यावी की स्वस्त बॅटरीची वाट पाहावी?

प्रश्न: माझी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे, नीट चालते, पण क्लच आणि सस्पेन्शनचं काम लवकरच निघेल असं मेकॅनिक म्हणतो. रोज येऊन-जाऊन ऐंशी किलोमीटर होतात, महिन्याचे पंचवीस दिवस. घरी स्वतःचं पार्किंग आहे, तिथे प्लग बसवता येईल. इलेक्ट्रिक घ्यायची मनापासून इच्छा आहे, पण सॉलिड स्टेट बॅटरी येतेय, किमती पडतायत, असं रोज वाचतो. आत्ता घेऊन फसायला नको. थांबावं का?

उत्तर:

क्लच किंवा सस्पेन्शनचा मोठा खर्च समोर येईपर्यंत थांबा, आणि तो आला की दुरुस्तीत पैसे न घालता गाडी बदला. बॅटरी स्वस्त कधी होईल याच्याशी या निर्णयाचा संबंध फार थोडा आहे. का, ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो.

हिशेब रुपयात किंवा डॉलरमध्ये न मांडता पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडू. म्हणजे गाडीची किंमत, व्याज, वीजबिल, सगळं 'इतक्या लिटर पेट्रोलचे पैसे' असं मोजायचं. दर कुठलाही असो, सांगाडा तोच राहतो. तुमचे आकडे वेगळे असतील तिथे आपले टाकून पाहा.

तुमचं वर्षाचं अंतर 24,000 किलोमीटर. गाडी लिटरला 15 देत असेल तर वर्षाला 1,600 लिटर पेट्रोल. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी शंभर किलोमीटरला बॅटरीतून साधारण 15 युनिट खाते. चार्जर आणि वायरिंगमधली गळती धरली तर मीटरवर 17. म्हणजे वर्षाला 4,080 युनिट. आता घरचं वीजबिल काढा आणि एका लिटर पेट्रोलच्या पैशात किती युनिट येतात ते पाहा. दहा येत असतील असं धरतो. मग वर्षाची वीज झाली 408 लिटरची. इंधनावर जवळजवळ 1,200 लिटर वाचले. बहुतेक जण इथेच थांबतात आणि गाडी बुक करतात.

पण इंधन हा हिशेबाचा अर्धाच भाग. नव्या गाडीची किंमत 15,000 लिटर धरू. दहा वर्षं वापरून ती 2,500 लिटरला विकली गेली, तर वर्षाला 1,250 लिटर घसारा. पैसे कर्जाचे असोत की स्वतःचे, त्यावर आठ टक्के व्याज धरायलाच हवं. दहा वर्षांत गाडीत सरासरी 8,750 लिटर अडकलेले असतात, म्हणजे वर्षाला 700. विम्याचा जास्तीचा हप्ता आणि देखभाल मिळून 300. विजेचे 408 मिळवले की नवी गाडी वर्षाला सुमारे 2,660 लिटरला पडते.

जुनी गाडी आज विकली तर 2,500 लिटर येतील असं समजू. तिचा घसारा आता मंदावलाय, वर्षाला 250. तिच्यात अडकलेल्या पैशाचं व्याज 200. पेट्रोल 1,600, नेहमीची देखभाल 450. एकूण 2,500. म्हणजे इंधनावर एवढी बचत होऊनही, तुमच्या गाडीला कुठलाही मोठा खर्च नसेल तोवर ती चालवत राहणं वर्षाला दीडशे लिटरनं स्वस्तच आहे. फरक बारीक आहे, पण त्याची दिशा महत्त्वाची. फुकटात थांबता येत असेल तर थांबायला काहीच हरकत नाही.

आता क्लच घसरू लागला असं समजा. क्लच, सस्पेन्शन आणि त्याच सुमाराला येणारे टायर मिळून 900 लिटरचा खर्च धरू. हा खर्च गाडी विकताना परत येत नाही. नवा क्लच पाहून कोणी दहा टक्के जास्त देत नाही. दुरुस्ती करून वर्षभरानं गाडी विकली, तर ते वर्ष 3,400 लिटरला पडतं. दुरुस्तीचे पैसे वसूल करायचे तर गाडी पुढे किमान सहा वर्षं चालवावी लागेल, आणि तेवढ्यात ती आणखी 1,44,000 किलोमीटर पळेल. त्या टप्प्यात वॉटर पंप, इंजेक्टर, एसीचा कॉम्प्रेसर अशी पुढची रांग उभीच असते. म्हणून निर्णयाची वेळ गाडी ठरवते. मोठ्या खर्चाच्या आधी विका, नंतर नको.

आता बॅटरीच्या घसरणाऱ्या किमतीकडे येऊ, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. किमती पडतायत हे खरं. ब्लूमबर्गएनईएफ ही ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी बॅटरी पॅकच्या सरासरी किमतीचं सर्वेक्षण करते. 2010 साली ही किंमत किलोवॅट-तासाला, म्हणजे एक युनिट साठवण्याच्या क्षमतेला, हजार डॉलरच्या वर होती, 2023 मध्ये 139 डॉलर आणि 2024 मध्ये 115. मात्र उतार सरळ नाही. 2022 साली लिथियम महागलं तेव्हा पॅकची सरासरी किंमत वाढली होती. ज्यांनी 2021 मध्ये 'पुढच्या वर्षी घेऊ' म्हटलं, त्यांना पुढच्या वर्षी बॅटरी महागच दिसली.

तरी धरून चालू की यंदा पॅक दहा टक्क्यांनी उतरेल. पॅक म्हणजे गाडीच्या किमतीचा साधारण तीस टक्के भाग. पंधरा हजार लिटरच्या गाडीत साडेचार हजार लिटरचा. त्यातले दहा टक्के म्हणजे 450 लिटर, गाडीच्या किमतीच्या तीन टक्के. तेही पूर्ण तुमच्या हातात पडले तर. प्रत्यक्षात कंपन्या वाचलेला पैसा मोठ्या पॅकमध्ये, मोठ्या स्क्रीनमध्ये किंवा नफ्यात घालतात. छापील किंमत बऱ्याचदा जागेवर राहते आणि रेंज तेवढी वाढते. वर्षअखेरीच्या स्टॉकवर मिळणारी सूट बरेचदा यापेक्षा मोठी असते. बॅटरी स्वस्त होण्यासाठी 900 लिटरची दुरुस्ती करून वर्षभर थांबणं म्हणूनच तोट्याचं. आणि गाडी तशीही ठणठणीत असेल, तर हे 450 लिटर थांबण्याच्या बाजूला टाकायला माझी काही हरकत नाही. क्लच घसरेपर्यंत थांबा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

सॉलिड स्टेटची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे प्रश्न किमतीचा नसून तारखेचा आहे. टोयोटानं 2017 मध्ये या बॅटरीची गाडी 2020 च्या दशकाच्या सुरुवातीला आणू असं सांगितलं होतं. 2023 मध्ये तीच तारीख 2027-28 वर गेली. यात लबाडी नाही, रसायनशास्त्र अवघड आहे. साध्या सेलमध्ये आयन वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट द्रव असतो आणि इलेक्ट्रोडच्या फटीफटीत शिरून चिकटून राहतो. सॉलिड स्टेटमधला घन इलेक्ट्रोलाइट तसं करत नाही. चार्ज-डिस्चार्ज होताना इलेक्ट्रोड फुगतो-आकसतो, मध्ये फट पडते आणि तेवढ्या भागातून आयन जायचे थांबतात. ती फट मिटवायला सेल सतत दाबून धरावा लागतो. वर लिथियम धातूचा इलेक्ट्रोड वापरला की त्याचे सुईसारखे कोंब इलेक्ट्रोलाइटच्या बारीक भेगांतून पलीकडे जाऊन शॉर्ट करू शकतात. सल्फाइड जातीचा इलेक्ट्रोलाइट असेल तर हवेतल्या ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, म्हणून उत्पादन अतिशय कोरड्या हवेतच करावं लागतं. प्रयोगशाळेत एक सेल चालवणं आणि लाखो सेल एकसारखे काढणं यातलं अंतर हेच. जमल्यावरही तो आधी महागड्या गाड्यांत बसेल. तुमच्या किमतीच्या गाडीत यायला त्यानंतर आणखी काही वर्षं.

सोडियम-आयनबद्दल थोडक्यात. सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीनं 2021 मध्ये जाहीर केलेल्या सोडियम सेलची क्षमता किलोला 160 वॅट-तास होती. त्याच वजनात लिथियम-आयन सहसा जास्त साठवते. थंडीत सोडियम उत्तम चालतं. पण त्याचा मुख्य फायदा स्वस्ताई, आणि लिथियम स्वस्त झालं की तोच फायदा आटतो. लहान शहरी गाडीसाठी पर्याय म्हणून चांगलं आहे, मात्र त्यासाठी थांबावं असं काही नाही.

मग आज जे मिळतं ते तुम्हाला पुरतं का? इथे नीट पाहण्यासारखं आहे. गाडीत वापरता येण्याजोगी 45 किलोवॅट-तासांची बॅटरी आहे असं धरा, म्हणजे साधारण 300 किलोमीटर. तुमचे रोजचे ऐंशी किलोमीटर म्हणजे 12 किलोवॅट-तास, पॅकचा पाव भाग. साध्या 3.3 किलोवॅटच्या जोडणीवर ते भरून काढायला चार तास लागतात. गाडी रात्री त्याहून कितीतरी जास्त वेळ उभी असते. आणखी मोठ्या किंवा नव्या बॅटरीनं तुमच्या रोजच्या वापरात काही फरक पडणार नाही. लांबच्या प्रवासात पडेल, तो वर्षातून किती वेळा करता ते तुम्हीच मोजा.

आयुष्याचं काय? वर्षाला 24,000 किलोमीटर म्हणजे 300 किलोमीटरची ऐंशी पूर्ण आवर्तनं. दहा वर्षांत आठशे. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचा सेल, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, दोन-तीन हजार आवर्तनं सहज करतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी, त्याहून कमी, पण त्यालाही आठशे जड नाहीत. म्हणजे तुमची बॅटरी चालवून झिजणार नाही. झिजलीच तर नुसत्या वयानं आणि उष्णतेनं. सेलमध्ये ऋण इलेक्ट्रोडवर एक पातळ थर जमत असतो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. तापमान जास्त आणि चार्जही जास्त असला की हा थर भराभर वाढतो. म्हणून भर उन्हात शंभर टक्क्यांवर दोन आठवडे उभी राहिलेली गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारी होते. पॅकमध्ये कूलंट फिरवून थंड करण्याची सोय असावी असा आग्रह धरायचा तो याचसाठी. 2010 साली आलेल्या पहिल्या निसान लीफमध्ये ती नव्हती आणि उष्ण प्रदेशांत तिची क्षमता लवकर उतरली. तेव्हापासून 'बॅटऱ्या पाच वर्षांत बाद होतात' हा समज बसलाय. कूलंटवाल्या गाड्यांत वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास घट दिसते, पहिल्या वर्षी जरा जास्त आणि मग संथ.

तुमच्या वापराला एलएफपीच घ्या असं माझं मत. जड असते, थंडीत जरा सुस्तावते, पण रोजच्या चार्जिंगला सोशीक आहे आणि तापली तरी एनएमसीइतकी पटकन पेट घेत नाही. तिची एक खोड आधीच माहीत असू द्या. चार्ज वीसवर असो की ऐंशीवर, सेलचं व्होल्टेज जवळजवळ तेवढंच राहतं, 3.2-3.3 च्या आसपास. त्यामुळे टक्केवारी ओळखणाऱ्या यंत्रणेला मधल्या पट्ट्यात अंदाजानं चालावं लागतं आणि हा अंदाज हळूहळू ढळत जातो. महिनोन्महिने ऐंशीवरच चार्जिंग थांबवणाऱ्यांना मग अठरा टक्क्यांवरून एकदम आठवर उडी दिसते, आणि बॅटरी गेली म्हणून ते सर्व्हिस सेंटर गाठतात. बॅटरी ठीक असते, मोजणी चुकलेली असते. आठवड्यातून एकदा पूर्ण शंभरपर्यंत नेऊन, तिथे चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग ठेवला की मोजणी जागेवर येते. एनएमसीला मात्र रोज ऐंशीच ठेवा.

वॉरंटी वाचताना एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. बऱ्याच कंपन्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, आणि क्षमता सत्तर टक्क्यांखाली गेली तर, अशा अटी देतात. तुमचे 1,60,000 सहा वर्षं आठ महिन्यांत संपतील. म्हणजे जाहिरातीतली आठ वर्षं तुमच्यासाठी नाहीत. किलोमीटरची मर्यादा जास्त असलेलं किंवा मर्यादाच नसलेलं मॉडेल मिळत असेल, तर त्यासाठी दोन-तीन टक्के जास्त मोजणं परवडेल. बॅटरीचे तीन टक्के स्वस्त व्हायची वाट पाहण्यापेक्षा या अटीत तुमचा जास्त फायदा आहे. सोबत हेही विचारा की पॅकमधला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलतात की पूर्ण पॅक. सेल थेट पॅकमध्ये चिकटवलेल्या नव्या रचनेत तेवढाच भाग काढता येईल याची खात्री नसते.

ताबा घेताना तारीख बघा. गाडी डीलरच्या आवारात सहा-आठ महिने उन्हात उभी असेल तर बॅटरीचं तेवढं वय आधीच गेलेलं आहे. सूट त्या मानाने मागा. मग पहिल्या आठवड्यात एक साधी चाचणी करा. गाडी आधी एकदा शंभरपर्यंत भरून घ्या, म्हणजे मोजणी ताळ्यावर येते. वीस टक्क्यांपर्यंत उतरवा. घरच्या चार्जरवर ऐंशीपर्यंत भरा आणि मीटरवर किती युनिट गेली ते लिहून ठेवा. 45 च्या पॅकचे साठ टक्के म्हणजे 27, बारा टक्के गळती धरली तर मीटरवर जवळजवळ 31 युनिट दिसायला हवीत. 29 ते 33 मध्ये काही दिसलं तर ठीक. 25 दिसली, तर जाहिरातीतला आकडा पॅकच्या एकूण क्षमतेचा होता आणि वापरायला त्यातली कमीच मिळते, नाहीतर गाडी जुन्या स्टॉकमधली आहे. ही नोंद जपून ठेवा. दरवर्षी त्याच ऋतूत तीच चाचणी केली की झीज किती झाली ते स्वतःला कळतं, आणि वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर कंपनीकडून अधिकृत क्षमता-चाचणी कधी मागायची ते ठरवता येतं.

हे सगळं घरी प्लग असेल तरच. तो बसला नाही आणि सगळं चार्जिंग बाहेरच्या फास्ट चार्जरवर करावं लागलं, तर एका लिटरच्या पैशात दहाऐवजी चारच युनिट मिळतील असं धरा. मग वर्षाची वीज 408 वरून 1,020 लिटरवर जाते, नवी गाडी 3,270 लिटरला पडते आणि आख्खा हिशेब उलटतो. त्या परिस्थितीत थांबायचं ते प्लगसाठी, बॅटरीसाठी नाही. म्हणून गाडी बुक करायच्या आधी वायरमनकडून पार्किंगपर्यंतची जोडणी पक्की करून घ्या: मंजूर वीजभार पुरतो का, चार्जरसाठी स्वतंत्र सर्किट आणि अर्थिंग आहे का, वायर किती लांब जाते. जुन्या सॉकेटवर रोज चार तास पूर्ण भार दिला तर आधी सॉकेटच काळं पडतं. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर ते सॉकेट लगेच बंद करून बदला.

तुम्ही वर्षाला दहा हजार किलोमीटरच चालवत असता तर मी जुनी गाडी दुरुस्त करून चालवा असं सांगितलं असतं. इंधनाची बचत पाचशे लिटरवर येते आणि नव्या गाडीचा घसारा-व्याज ती कधीच भरून काढत नाही. आणि थांबून स्वस्त गाडी घ्यायचीच हौस असेल, तर नव्या तंत्रज्ञानाची वाट न पाहता दोन-तीन वर्षं वापरलेली कूलंटवाली एलएफपी गाडी शोधा. नव्या मॉडेलच्या किमती उतरल्या की जुन्यांचे भाव त्याहून जोरात पडतात आणि तो तोटा पहिल्या मालकानं सोसलेला असतो. तिच्यावरही वरची वीस-ते-ऐंशीची चाचणी करा. वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, ते लेखी घ्या. मीटरवरची युनिट अपेक्षेच्या नव्वद टक्क्यांखाली आली तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या.

सध्या एवढं करा: पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून क्लच तपासून घ्या. वरच्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही, असं दिसू लागलं की दोन-तीन महिने हातात आहेत असं समजा. त्याच सुमाराला जुनी गाडी विक्रीला लावा. पूर्ण घसरलेल्या क्लचची गाडी कोणी चालवून बघितली तर दुरुस्तीच्या दुप्पट रक्कम भावातून कापून मागतो.